थायरॉइडच्या गोळीला कोबीपेक्षा कॉफी जास्त नडते

प्रश्न: आईला थायरॉइड कमी आहे, गोळी चालू आहे. कोबी, फ्लॉवर, सोयाबीन कायमचं बंद करायचं का? रोज काय खायला द्यावं?

कोबी-फ्लॉवर बंद करू नका. आयोडीनच्या वापरात अडथळा आणणारे घटक त्यांत असतात हे खरं, पण शिजवल्यावर ते बरेच कमी होतात, आणि आपण खातो तेवढ्याने काही बिघडत नाही. 2010 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात 88 वर्षांच्या एका बाईंची नोंद आली होती. कोबीच्याच कुळातली बोक चॉय ही भाजी त्या रोज एक ते दीड किलो, तीही कच्ची, कित्येक महिने खात होत्या. बेशुद्धावस्थेपर्यंत मजल गेली, ती एवढ्या खाण्याने. फक्त कच्च्या कोबीचा रस रोज प्यायची टूम टाळा.

मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा भाजीत नसतो, सकाळच्या तासाभरात असतो. एका काकूंचा टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, डोस वाढवूनही खाली येत नव्हता. दिनक्रम विचारला तर गोळी सहाला, लगेच कॉफी, आणि साडेसहाला नाश्त्यासोबत कॅल्शियमची गोळी. कॉफीमुळे औषध कमी शोषलं जातं, आणि कॅल्शियम तर ते आतड्यात बांधूनच ठेवतं. आम्ही डोसला हात लावला नाही. गोळी सहाला साध्या पाण्याबरोबर, कॉफी-नाश्ता सातला आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, एवढाच बदल केला. दोन महिन्यांनी तपासणी केली तेव्हा आकडा मर्यादेत आला होता. त्याआधी तपासून उपयोग नसतो, टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतातच. लोहाच्या गोळीतही असंच चार तासांचं अंतर हवं.

सोयाबीनचंही तेच. ते विष नाही, पण औषधाचं शोषण कमी करतं. त्यामुळे सोया दूध नाश्त्याला नको, दुपारी किंवा रात्री चालेल. एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं मात्र करू नका, कारण डोस तुमच्या नेहमीच्या खाण्यावर बसवलेला असतो.

खरा हात आखडायचा तो आयोडीनच्या बाबतीत. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं, आणि ते आयोडीनयुक्त मिठातून सहसा मिळतं. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल ‘थायरॉइडसाठी नैसर्गिक’ म्हणून विकतात, त्या घेऊ नका. आजार प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून आलेला असेल तर जादा आयोडीनने तो वाढू शकतो.

बाकी डाळी, अंडी, मासे, भाज्या, फळं नेहमीसारखीच द्या. बद्धकोष्ठता असेल तर तंतुमय पदार्थ वाढवा, पण सावकाश.

आणि केस गळतात म्हणून आई बायोटिन घेत असतील तर रक्ततपासणीच्या किमान दोन दिवस आधी, डॉक्टरांना सांगून, ते थांबवा. नाहीतर टीएसएच खोटा कमी दिसतो आणि डोस उगाच कमी केला जातो.