होस्टेलच्या मेसमध्ये एका पोरामागे रोज कणीक, तांदूळ, डाळ, भाजी किती धरायची?

मी नुकतंच 120 मुलांच्या होस्टेलचं किचन हातात घेतलंय. एक दिवस भात पातेलंभर उरतो, दुसऱ्या दिवशी शेवटच्या पोरांना मिळतच नाही. रोजचा शिधा काढायचा काही पक्का हिशोब आहे का?

उत्तर:

हिशोब आहे, पण तो 120 वर लावू नका. 120 ही रजिस्टरवरची नावं झाली, रात्री ताटं किती लागली ते वेगळंच असतं. कोण गावाला गेलेला असतो, कोण बाहेर वडापाव खाऊन येतो, कुणाला ताप असतो. त्यामुळं पहिलं काम म्हणजे ताटं मोजायची. मोजायला माणूस लावायची पण गरज नाही, जेवणाआधी धुतलेली ताटं मोजून ठेवायची आणि शेवटी किती उरली ते बघायचं, झालं. हा आकडा वारासकट वहीत लिहायचा, दुपारचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. दोन-तीन आठवडे लिहिलं की दिसायला लागतं की मधल्या वारी किती, शनिवारी रात्री किती, सुट्टीच्या आदल्या दिवशी किती. परीक्षेच्या दिवसात उलटं होतं, सगळे होस्टेलवरच असतात आणि सगळे जेवतात.

समजा तुमच्याकडं बुधवारी रात्री साधारण 108 ताटं लागतात आणि मेनू आहे चपाती, फ्लॉवर-बटाटा, आमटी, भात. कॉलेजची मुलं आहेत असं धरून सांगतो, मुलींचं होस्टेल असेल तर चपात्या बऱ्याच कमी लागतात, बाकीचं पण थोडं कमी धरा.

चपातीचं आधी. सरासरी चार धरा, सात खाणारा पण असतो आणि दोनवर उठणारा पण. म्हणजे 432 चपात्या. आता एक किलो पिठात किती होतात हे गोळ्यावर आहे, आणि इथंच बहुतेक मेसचा हिशोब हलतो, कारण लाटणाऱ्या बायका बदलल्या की गोळा बदलतो. एक किलो पिठाला सहाशे-साडेसहाशे मिली पाणी जातं, म्हणजे भिजवलेली कणीक 1600 ग्रॅमच्या आसपास भरते. गोळा 45 ग्रॅमचा ठेवला तर 35 चपात्या झाल्या. तोच गोळा 55 चा झाला तर 29 च होतात आणि तुम्ही म्हणत बसणार पीठ कुठं गेलं. म्हणून सकाळ-संध्याकाळ पहिले पाच-सहा गोळे काट्यावर ठेवून दाखवायचे, मग हाताला सवय लागते. 432 ला 35 नी भागलं की साडेबारा किलोच्या आतच येतं, वर लाटताना लावायला अर्धा किलो कोरडं पीठ, असं 13 किलो कोठीतून काढायचं. पण सगळं एकदम भिजवू नका. दहा किलो आधी भिजवा, उरलेलं अर्धी पोरं जेवून गेल्यावर अंदाज घेऊन. कोरडं पीठ परत डब्यात जातं, भिजवलेलं जात नाही.

तांदूळ, चपाती सोबत असेल तर, माणशी 70 ग्रॅम. 108 ला साडेसात किलो. एक किलो तांदळाचा भात साधारण पावणेतीन किलोच्या आत-बाहेर होतो, म्हणजे 20 किलो भात, माणशी 180-185 ग्रॅम, मोठ्या पळीनं दीड पळी. हा पण दोन खेपेत लावा, आधी साडेपाच, नंतर गर्दी बघून दोन. दुसऱ्या खेपेचं आधण उकळत ठेवायचं आणि तांदूळ धुवून बाजूला ठेवायचा, मग पंचवीस-तीस मिनिटात भात तयार. ही दुसरी खेप कधी पूर्ण लागते, कधी अर्धीच. तेवढ्यावरच तुमचा पातेलंभर भात वाचतो.

तुरीची डाळ आमटीला माणशी 30 ग्रॅम, म्हणजे सव्वातीन किलो. एका किलोची सहा लिटर आमटी धरली तर साडेएकोणीस लिटर होते, एक वाटी भरून वर थोडी. डाळ कमी पडली की सगळेच पाणी वाढवतात. एखादे दिवशी चालतं, पण नेहमी केलं तर पोरं आमटी सोडून देतात आणि भाजी संपते, मग तुम्हाला वाटतं भाजी कमी केली होती. ही चारही पदार्थांची गंमत अशी आहे की एकाची कसर दुसऱ्यावर निघते, त्यामुळं एकच पदार्थ सुटा बघून काही कळत नाही. मसालेभात असला की चपाती चारवरून अडीचवर येते आणि तांदूळ 100-110 ग्रॅमवर जातो. मटकीची उसळ असली की आमटी 20 ग्रॅम डाळीवर भागते कारण रस्सा तिथंच मिळाला.

भाजीचा हिशोब बाजारात घेतलेल्या वजनावर करूच नका, निवडून चिरून कढईत किती पडली त्यावर करा. सुकी भाजी माणशी 110 ग्रॅम चिरलेली, म्हणजे 108 ला जवळपास 12 किलो, त्यात सहा फ्लॉवर, सहा बटाटा. आता सहा किलो फ्लॉवर कढईत पडायला पाला-दांड्यासकट दहा किलो आणावा लागतो, कारण शंभरातले साठच हाती लागतात. बटाट्याचं साल आणि एखाद-दुसरा सडका धरून सहाला सात किलो पुरतो. म्हणजे आणायची 17 किलो आणि कढईत जाणार 12. जो माणूस सरळ 12 किलो घेऊन येतो त्याच्या कढईत आठ-साडेआठ पडते आणि मग शेवटच्या वीस पोरांना नुसता मसाला. प्रत्येक भाजीचं हे वेगळं असतं, कोबी-वांग्याचं थोडंच जातं, मटारच्या शेंगा निम्म्या जातात, मेथी तर मुळं-देठं काढून निम्मीच राहते आणि वर शिजून मूठभर होते. मेथीच्या दिवशी म्हणूनच मुगाची डाळ नाहीतर बटाटा घालायचा, नुसत्या मेथीवर 108 माणसं जेवायची म्हटलं तर टेम्पो लागेल. एकदा प्रत्येक भाजी निवडायच्या आधी आणि नंतर वजन करून भिंतीवर लिहून ठेवा, परत करावं लागत नाही. फक्त पावसाळ्यात पालेभाजी जास्त सडते तेव्हा थोडं वाढवून धरायचं.

आता हे एका जेवणाचे माणशी 120, 70, 30, 110 ग्रॅम (पहिला आकडा पिठाचा, लावायचं पीठ धरून) माझ्याकडचे झाले. तुलनेला सांगायचं तर शाळेच्या पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला एका जेवणाला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ आणि 75 ग्रॅम भाजी धरतात, कॉलेजची पोरं त्याच्या वरच जाणार. पण तुमच्या पोरांचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल, आणि तो काढताना एक चूक जवळपास सगळे करतात ती सांगतो.

समजा तुम्ही सात किलो तांदूळ लावला आणि भात संपला. वहीत लिहिलं, 108 माणसं, सात किलो, उरला शून्य. भागाकार केला, 65 ग्रॅम. वाटतं एकदम बरोबर माप सापडलं. पण खरं काय झालं तर शेवटची 15 पोरं आली तेव्हा पातेलं रिकामं होतं, ती चपातीवरच उठली. म्हणजे तो सात किलो 93 जणांनी खाल्ला, माणशी 75 ग्रॅम. पुढच्या बुधवारी तुम्ही 65 नी काढलं तर परत कमी पडणार, आणि वही सांगणार की माप तर बरोबर आहे. म्हणून पातेलं संपलं की लगेच किती वाजले आणि किती ताटं अजून शिल्लक आहेत हे लिहायचं. संपलेल्या पातेल्यापेक्षा थोडं उरलेलं पातेलं जास्त सांगतं, दोन किलो भात उरला तर सरळ कळतं की पाऊण किलो तांदूळ जास्त झाला. रोज शून्य उरवायच्या मागे लागू नका, किलो-दीड किलो भात शेवटी राहिला तर माप जमलं असं समजा.

उरलेलं पण दोन जागी बघायचं. पातेल्यात राहिलं ते तुमचं माप जास्त होतं म्हणून. ताटात टाकलं ते वेगळं, ते एकतर वाढणाऱ्यानं जास्त टाकलं नाहीतर चव गेली म्हणून. दोन्ही एका बादलीत गोळा करून वजन केलं तर काहीच कळत नाही. ताटातला भात बादलीभर निघत असेल तर तांदूळ कमी करायच्या आधी वाढायची पळी लहान करून बघा, पोरं दुसऱ्यांदा मागून घेतात तेव्हा टाकत नाहीत. आणि भाजी ताटात राहत असेल तर 110 चे 90 ग्रॅम करून उपयोग नाही, त्या दिवशी मीठ किंवा तेल काय झालं ते आचाऱ्याला विचारा.

उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करू म्हणून मुद्दाम जास्त लावणारे आहेत, तसं करू नका. रात्रभर बाहेर कोमट राहिलेल्या भातात जंतू वाढतात आणि ते जे विष सोडतात ते परत परतल्यानं जात नाही. मोठा फ्रिज असेल आणि भात पसरट ताटात लवकर गार करून आत गेला असेल तरच सकाळी वापरा.

तांदळाचं पोतं बदललं की हे सगळं थोडं हलतं हेही ध्यानात ठेवा. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि भात जास्त होतो, नवा तांदूळ चिकट होतो आणि कमी भरतो. नवीन पोतं फोडलं की एक किलो वेगळा शिजवून भाताचं वजन करायचं, अडीच किलोच भरला तर त्या पोत्यापुरतं 70 चं 77 धरायचं. तसंच डब्यानं मापत असाल तर तांदळाचा डबा पिठाला वापरू नका, त्याच डब्यात पीठ वजनाला बरंच कमी बसतं. काटा असेल तर डबा सोडूनच द्या.