चेहऱ्याकडे बघणारं मूल आणि होमस्कूलिंगची पुस्तकं

“मुलगा चौथीत आहे. सकाळी शाळेचं नाव काढलं की त्याचं पोट दुखतं. होमस्कूलिंगवरची दोन-तीन पुस्तकं वाचली आणि मला अगदी पटली. ह्यांना मात्र ते सगळं खूळ वाटतं. त्याला शाळेतून काढावं का? आणि ठरवण्याआधी आणखी कोणतं पुस्तक वाचू?”

आणखी पुस्तक नको. वाचलेलीच पुस्तकं पुन्हा वाचा, पण वेगळ्या क्रमाने. असं का म्हणतो ते एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई घरून हिशेबाची कामं करायच्या, वडील कारखान्यात पाळीवर, घरात आजी. मुलाची तक्रार हीच. एप्रिलमध्ये आईवडील दोघं माझ्याकडे सल्ल्याला आले. पहिल्या भेटीत मी पुस्तकांचं नावही काढलं नाही. पोटदुखीसाठी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं का, डोळे तपासले का, वर्गात किंवा बसमध्ये कोणी त्रास देतं का, शाळेतलं स्वच्छतागृह तो वापरतो का, हे आधी विचारलं. यातलं काही निघालं तर उपाय त्या जागी करायचा असतो, त्यासाठी शाळा सोडायची गरज नसते. इथे तसं काही निघालं नाही.

मग आईंनी पिशवीतून पुस्तकं काढली. ‘तोत्तोचान’चा मराठी अनुवाद आणि अमेरिकी शिक्षक जॉन होल्ट यांचं, मुलांना घरीच शिकवण्यावरचं ‘टीच युवर ओन’. दुसऱ्यात पेन्सिलीच्या खुणाच खुणा होत्या.

“यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय भिडलं?” मी विचारलं.

“तोत्तोचानचे मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात, ते.”

“पण ते मुख्याध्यापक आहेत. म्हणजे ती एक शाळा आहे.”

त्या गप्प झाल्या. बरेच पालक इथे अडखळतात. तेत्सुको कुरोयानागी यांनी ‘तोत्तोचान’मध्ये रंगवलेली तोमोए ही टोकियोतली खरीखुरी शाळा होती. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी ही शाळा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. पहिल्या शाळेने काढून टाकलेल्या मुलीसाठी आईने दुसरी शाळा शोधली, अशी ती गोष्ट आहे. हे पुस्तक वाचून डोळ्यांत पाणी येत असेल, तर तुम्हाला घर हवंय की ऐकून घेणारी शाळा हवी आहे, हे स्वतःला विचारा. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’चंही तसंच. त्यातला शिक्षक सरकारी शाळेत चौथीचा एक वर्ग वर्षभर मागून घेतो. पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ मुलांच्या गोंधळात बुडतो, आणि मग तो गोष्टी सांगण्यापासून सुरुवात करतो. शाळेत राहून काय बदलता येईल, याचं ते पुस्तक आहे. ज्यांना शाळा सोडणं शक्य नाही, त्यांनी ते आधी वाचावं.

होल्ट यांच्याबाबतीत क्रमाला फार महत्त्व आहे. ‘टीच युवर ओन’ 1981 सालचं. त्याआधी सतरा वर्षं, 1964 मध्ये, त्यांचं ‘हाऊ चिल्ड्रेन फेल’ आलं होतं. तेव्हा ते शाळेतच शिकवत होते आणि शाळा सुधारता येईल असं मानत होते. 1958 पासून वर्गात बसून त्यांनी मुलांच्या नोंदी ठेवल्या, त्यांतून ते पुस्तक झालं. मुलं उत्तर पुटपुटतात, म्हणजे बाईंना हवं ते ऐकू येतं. अर्धवट अंदाज फेकतात आणि बरोबर की चूक ते बाईंच्या चेहऱ्यावर वाचतात. भीतीपोटी मूल प्रश्नाचा विचार सोडून प्रश्न विचारणाऱ्याचा विचार करू लागतं, हे होल्टनी टिपलं. घरी शिकवा, हा निष्कर्ष फार नंतरचा. आईंनी शेवटचं पान आधी वाचलं होतं. मी त्यांना 1964 चं पुस्तक दिलं आणि सांगितलं, “त्यांची मतं राहू द्या. ते बघतात कसे, तेवढं उचला.”

मे महिन्याची सुट्टी आली. आईंना ती होमस्कूलिंगची चाचणी वाटत होती. ती तशी नसते. सुट्टीत कुठलंही मूल खुलतं. शिवाय घरी शिकवणाऱ्या पालकांमध्ये एक अंदाज रूढ आहे: शाळेत जितकी वर्षं गेली तितके महिने शाळेची सवय सुटायला लागतात. चौथीपर्यंत पोचलेल्या मुलाला हे चार-पाच महिने झाले. पाच आठवड्यांत फार तर एका छोट्या प्रश्नाचं उत्तर मिळेल: हा कशाला घाबरतो?

त्यासाठी एक दोनशेपानी वही आणि तीन रकाने. काय केलं, किती वेळ केलं, आणि मध्ये कोणाकडे बघितलं. रोज दोन प्रसंग पुरेत. विशेषणं लिहायची नाहीत. पहिल्या आठवड्याची वही आली तेव्हा पानोपानी ‘लक्ष नव्हतं’, ‘कंटाळा केला’ असंच होतं. मी म्हटलं, “मोबाईलवर चित्रण केलं असतं तर त्यात कंटाळा दिसला असता का? दिसलं असतं तेवढंच लिहा.”

तिसऱ्या आठवड्यात ही नोंद आली: ‘सात आठे विचारलं. ओठांतल्या ओठांत चोपन्न म्हणाला. माझ्याकडे बघितलं. मग छप्पन्न म्हणाला. पुन्हा माझ्याकडे बघितलं.’

आणि त्याच पानावर खाली: ‘आजीबरोबर लोणचं. अडीच किलो कैरी. आजी म्हणाल्या, किलोला पाव किलो मीठ. त्याने दोन किलोंचं अर्धा किलो मीठ तोलून ठेवलं. थोडा वेळ थांबला. उरलेल्या अर्ध्या किलोला पावचं अर्धं, म्हणजे सव्वाशे ग्रॅम, असं स्वतःशीच बोलून तेवढं घातलं. पस्तीस मिनिटं. कोणाकडेही बघितलं नाही.’

“पहिल्या नोंदीत चूक कळली कशावरून?” मी विचारलं.

“माझ्या चेहऱ्यावरून.”

“आणि दुसरीत बरोबर आलं हे कशावरून कळलं?”

“वजनकाट्यावरून.” मग बराच वेळ त्या वहीकडे बघत राहिल्या. “म्हणजे याला घरी आणलं तर शाळा माझ्या चेहऱ्यातून घरी येणार.”

हे वाक्य मी सुचवलं असतं तर दोन दिवसही टिकलं नसतं. त्यांनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या वहीत ते पाहिलं, म्हणून टिकलं. माझा कल आधीपासून असा आहे की मुलाच्या वागण्याला हेतू असतो, ते कशापासून तरी स्वतःला वाचवत असतं. हा मुलगा गणितापासून पळत नव्हता, शाळेच्या इमारतीपासूनही नाही. कोणीतरी आपल्याला तपासतंय, या जाणिवेपासून तो पळत होता. ‘हाऊ चिल्ड्रेन फेल’च्या सुधारित आवृत्तीत याचीच जोड सापडते. तराजूच्या दांडीचा जो खेळ शिक्षकांसमोर मुलांना जमत नव्हता, तीच दांडी काही न बोलता वर्गाच्या मागे ठेवून दिल्यावर अभ्यासात कच्च्या मुलांनाही कळली. आईंना ते पान दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे आपलं लोणचं!”

वडील तोवर फारसे बोलले नव्हते. त्यांना पुस्तकांचा राग नव्हता, भीती होती. “ही अमेरिकेची पुस्तकं. याच्या दहावीचं काय?”

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. ‘टीच युवर ओन’मधला कायद्याचा भाग अमेरिकेतल्या राज्यांचा आहे, आपल्याकडे तो कामाचा नाही. म्हणून त्यांना वाचायला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं, म्हणजे एनआयओएसचं, माहितीपत्रक दिलं. तिथे दहावीच्या प्रवेशाला किमान वय 14 लागतं, प्रमाणपत्रासाठी पाच विषय लागतात, मराठी माध्यमही आहे, आणि विषय एकदम न देता काही सत्रांत विभागून देता येतात. राज्य मंडळाकडून खासगीरीत्या बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे. परत फिरायची वाट आहे का, हेही त्यांनी विचारलं. आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 4 शाळेबाहेरच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश देतं. त्याच कायद्याचं कलम 10 मात्र मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतं. ते न केल्यास शिक्षा सांगितलेली नाही, पण घरच्या शिक्षणाला स्पष्ट मान्यताही कुठे लिहिलेली नाही. हे दोन्ही माहीत असूनच निर्णय घ्यायचा असतो. निकालपत्रं आणि जन्मदाखला यांची एक फाईल वडिलांनी त्याच आठवड्यात लावली. त्या दिवसापासून ते विरोधक राहिले नाहीत.

जूनमध्ये मुलगा शाळेतच गेला, पाचवीत. आईंनी अभ्यासाला शेजारी बसणं बंद केलं. गणिताची उत्तरं पुस्तकाच्या मागे असतात. सोडवायचं, मागे बघायचं आणि चूक त्यानेच शोधायची, असं ठरलं. पोटदुखी कमी झाली, पण चाचणीच्या आठवड्यात परत यायची. वर्गशिक्षकांशी दोनदा बोलणं झालं. साठ मुलांच्या वर्गात त्यांना फार काही करता येईना. दिवाळीनंतर आईवडिलांनी शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि मुलाला घरी शिकवायला सुरुवात केली.

पहिला महिना वाईट गेला. वेळापत्रक दहा ते एक, आणि आठवड्याभरात आई पुन्हा प्रश्न विचारू लागल्या. ओळखायची खूण त्यांच्याकडे होतीच, रकाना तिसरा. पानावर ‘माझ्याकडे बघितलं’ तीनदा आलं की त्या दिवशी शिकवणं तिथेच थांबवायचं. त्यांच्यासाठी मी शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंची एकच गोष्ट उचलली, बाकीचं सोडून दिलं. लहान मुलाचा धडा वीसेक मिनिटांचा, एकदाच वाचायचा, मग मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. मध्ये टोकायचं नाही, शेवटी प्रश्न विचारायचे नाहीत. सांगताना त्याने काय गाळलं, ते आईने वहीत लिहायचं आणि दोन दिवसांनी तोच भाग पुन्हा वाचायला काढायचा. सुरुवातीला तो दोन वाक्यं बोलून थांबायचा. जानेवारीत सह्याद्रीतल्या नद्यांचा धडा आजीला सांगताना तो अकरा मिनिटं बोलला. आजींनी मध्येच विचारलं, “मग गोदावरी तिकडे पूर्वेकडे कशाला गेली?” आजींना उत्तर खरंच माहीत नव्हतं. त्याने नकाशा काढला.

तुमच्या घरी बसून शिकवायला एक मोठं माणूस दिवसाचे तीन तास मोकळं नसेल, किंवा वहीत सगळे चेहरे तुमचेच निघाले आणि ते बदलत नसतील, तर दाखल्याची घाई करू नका. ‘हाऊ चिल्ड्रेन फेल’ मिळवा आणि पहिली शंभर पानं वाचून वही सुरू करा. अरविंद गुप्तांच्या arvindguptatoys.com या संकेतस्थळावर शिक्षणावरची बरीच पुस्तकं मोफत आहेत, मराठीतलीही. चार आठवड्यांची वही घेऊन दोघंही या. पुढचं पुस्तक कोणतं, ते त्या वहीतला तिसरा रकाना बघून ठरवू.