हात धुण्याच्या फिल्मचं निवेदन: काय ठेवावं, काय कापावं

*"पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एक मिनिटाची ॲनिमेशन फिल्म आहे. निवेदन दीडशे शब्दांचं झालंय, घाईघाईत वाचावं लागतं. काय कापू?"*

जंतूंची माहिती कापा. "जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण हाताला चिकटून पोटात जातात" एवढं एक वाक्य पुरतं. साठ सेकंदांत सत्तर-ऐंशी शब्दांच्या पुढे जाऊ नका.

वेळेची वाटणी मी अशी करेन: सुरुवातीला दहा सेकंद, हात ओले करून साबण लावायला दहा, चोळायला पंचवीस, धुवायला दहा आणि पुसायला पाच. चोळण्याच्या वेळेला अजिबात कात्री लावू नका. किमान वीस सेकंद चोळायला हवं आणि मूल फिल्म बघता बघता तेवढाच वेळ चोळणार आहे. हे पंचवीस सेकंद पाच कृतींत वाटले की प्रत्येकीला पाच येतात. ओळ दोन-अडीच सेकंदांत संपवायची, उरलेल्या वेळात फक्त चोळण्याचा आवाज. ती रिकामी जागा संगीताने किंवा जादा शब्दांनी भरू नका. मूल आधी ऐकतं, मग हात हलवतं. शब्द सलग आले तर ते एक कृती मागे पडतं आणि अंगठ्याच्या वेळी अजून बेचक्यांतच असतं.

ओळी साधारण अशा:

तळव्यावर तळवा, गोल गोल घास.
हाताची पाठ घास, आता दुसरी घास.
बोटांत बोटं घाल, बेचक्या घास.
अंगठा मुठीत धर, गरगर फिरव.
नखं तळव्यावर खरखर घास.

सगळीकडे 'तू'च ठेवा. मध्येच 'चोळावेत', मध्येच 'चोळूया' असं झालं की निवेदन सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. आज्ञार्थाचा आणखी एक फायदा म्हणजे 'घास', 'फिरव' मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं. 'हात धुतोस ना?' किंवा 'विसरलास का?' म्हटलं की वर्गातल्या मुली बाहेर राहतात. त्याऐवजी 'अंगठा राहिला का?' असं विचारा.

'नळ सोड' लिहिण्याआधी चित्र बघा. बऱ्याच शाळांत बादली आणि मग असतो, एक जण पाणी ओततो आणि दुसरा धुतो. फिल्म तिथेही दाखवणार असाल तर 'हात ओले कर' एवढंच म्हणा. शेवटी 'स्वच्छ रुमालाला पूस, नाहीतर हवेत वाळव' हे हवंच. नाहीतर धुतलेले हात थेट चड्डीला किंवा फ्रॉकला पुसले जातात.

रेकॉर्डिंगआधी फोनवर कच्चं वाचन करून ते दोन-तीन मुलांना बेसिनपाशी ऐकवा, चित्र न दाखवता. तुम्ही हातांनी काही दाखवू नका, फक्त त्यांचे हात बघा. जिथे ती थांबून तुमच्या तोंडाकडे बघतील, ती ओळ बदला. बहुतेक वेळा ती बेचक्यांची असते. 'बेचक्या' कळत नसेल तर 'बोटांच्या मधे घास' करा.