‘दडपू नकोस’ आणि ‘तू’चा प्रश्न

प्रश्न: कुराणातल्या सूरा अद्-दुहाच्या शेवटच्या तीन आयती मराठीत आणतोय. ‘ला तक़हर’ म्हणजे ‘तू दडपत नाहीस’ की ‘दडपू नकोस’? आणि ‘तू’ ठेवू की ‘तुम्ही’?

‘दडपू नकोस’च. अरबीत आज्ञेच्या रूपाला थेट नकार लागत नाही. मनाई करायची तर ‘ला’ घ्यायचा आणि चालू काळाच्या क्रियापदाचा शेवटचा स्वर काढायचा: ‘तक़हरु’चं ‘तक़हर्’. आपणही ‘कर’ला ‘न’ चिकटवत नाही, ‘करू नकोस’ असं वेगळं रूप वापरतो.

तुमचा गोंधळ मात्र रास्त आहे. आयतीच्या शेवटी थांबताना तो स्वर तसाही गळतो, त्यामुळे कानाला विधान आणि मनाई सारखीच लागतात. म्हणून छापील प्रतीत ‘र’वरचं, स्वर नसल्याचं सांगणारं सुकूनचं चिन्ह बघा, निवाडा तिथे होतो. क्रियापद दीर्घ स्वराने संपत असेल तर फरक लेखनातच उघड असतो. 87:6 मध्ये ‘फ़ला तन्सा’ आहे. शेवटचा ‘आ’ शाबूत आहे, म्हणून बहुतेक भाष्यकार ते ‘तू विसरणार नाहीस’ असं आश्वासन मानतात. 28:77 मध्ये ‘वला तन्स’ आहे. तिथे ‘आ’ आखडला, म्हणून ती मनाई: ‘विसरू नकोस’.

आता सूर. अरबीत एका माणसाशी बोलताना ‘तू’ एकच, त्यात आदर-अनादर नाही. संबोधन प्रेषितांना आहे, म्हणून ‘तुम्ही’ लिहावंसं वाटणं मी समजू शकतो. तरी मी ‘तू’च ठेवीन. सहाव्या आयतीत ‘तू अनाथ होतास, त्याने तुला आसरा दिला नाही का?’ असं विचारलंय आणि नवव्यात त्याच आठवणीवरून ‘अनाथाला दडपू नकोस’ येतं. हे जवळिकीचं बोलणं आहे. ‘दडपू नका’ म्हटलं की जाहीर सूचना वाटते आणि ‘दडपू नये’ने तर समोरचा माणूसच नाहीसा होतो. फक्त ‘नको’ न लिहिता ‘नकोस’ लिहा, त्या ‘स’मध्ये माया आहे.

‘अम्मा… फ़’ या रचनेने अनाथ आणि मागणारा वाक्यात आधी येतात, क्रियापद शेवटी. मराठीत हे सहज जमतं. ‘तक़हर’ला आपला ‘कहर’ शब्द नातेवाईक असला तरी इथे उपयोगाचा नाही, कारण मूळ अर्थ दुबळ्यावर जोर करण्याचा आहे. ‘तनहर’ म्हणजे खेकसून हाकलणं. माझा मसुदा असा:

अनाथ असेल, त्याला दडपू नकोस.
मागणारा असेल, त्याच्यावर खेकसू नकोस.
आणि तुझ्या पालनकर्त्याची कृपा, ती सांगत राहा.

तिसरीत ‘फ़हद्दिस’ ही सरळ आज्ञा आहे आणि ‘तक़हर-तनहर’चं यमकही तिथे मोडतं. म्हणून मराठीत तिसऱ्या ओळीला ओढूनताणून ‘नकोस’शी जुळवू नका. दोन नकारांनंतरचा तो मोकळा होकार ऐकू यायला हवा.