परदेशात निबंध सादर करण्यासाठी प्रवास अनुदानाचे पत्र आणि खर्चाचा अंदाज

प्रश्न: मी पुण्यात भूजलावर पीएच.डी. करते आहे. पुरंदर तालुक्यातल्या 24 विहिरींवरचं माझं काम व्हिएन्नात होणाऱ्या युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या, म्हणजे ईजीयूच्या, परिषदेत पोस्टर म्हणून स्वीकारलं गेलंय (27 एप्रिल ते 2 मे 2025). विद्यापीठ जास्तीत जास्त एक लाख रुपये देतं. अर्जाचं पत्र कसं लिहू आणि खर्च किती तपशिलात दाखवू? नमुना मिळाला तर फार बरं होईल.

उत्तर:

पत्राच्या आधी खर्चाचा तक्ता करा. तक्ता तयार झाला की पत्रात काय मागायचे आणि ते का, हे आपोआप ठरते. आधी पत्र लिहिले, तर त्यात अंदाजाने एक रक्कम पडते आणि मग तक्ता तिच्याशी जुळवत बसावे लागते. मी विद्यार्थी असताना नेमके हेच केले होते. पत्रात ‘सुमारे दीड लाख रुपये’ लिहिले आणि सोबतच्या तक्त्याची बेरीज त्यापेक्षा सात हजारांनी कमी आली. लेखा विभागातून अर्ज परत आला तेव्हा दोन्ही आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल केलेले होते आणि समासात एक प्रश्नचिन्ह होते, बाकी काही नाही. दुरुस्त अर्ज पुन्हा विभागप्रमुखांच्या सहीने वर जाईपर्यंत नऊ दिवस गेले आणि तेवढ्यात तिकिटाचा दर वाढला. आता विभागातल्या विद्यार्थ्यांचे अर्ज माझ्याकडे नजरेखालून घालायला येतात, तेव्हा मी सर्वांत आधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहतो.

तक्त्यातल्या प्रत्येक रकमेला आधार हवा. ‘निवास 25,000’ असे लिहिले की समितीला ते मान्य किंवा अमान्य करण्याशिवाय दुसरे काही करता येत नाही. ‘6 रात्री × 45 युरो’ असे लिहिले की रात्री मोजता येतात, दर तपासता येतो आणि कात्री लावायची झालीच तर ती कुठे लावायची हेही कळते. युरोचा दर एकच धरा, तो कोणत्या तारखेचा हे लिहा आणि सगळीकडे तोच वापरा. ‘किरकोळ’ किंवा ‘आकस्मिक खर्च’ नावाची ओळ घालू नका, कारण तिला पावती नसते आणि म्हणून तीच सर्वांत आधी खोडली जाते. दर वाढला तर फरक स्वतः सोसेन, असे पत्रात एका वाक्यात लिहिले की पुरते.

तुमच्यासाठी मी तक्ता असा मांडला असता. रकमा नमुन्याच्या आहेत, त्या जागी तुमच्या कोटेशनमधले आकडे घाला. 1 युरो = 94 रुपये धरला आहे.

| बाब | आधार | रुपये | कोण देणार |
|---|---|---|---|
| विमान, मुंबई–व्हिएन्ना–मुंबई | इकॉनॉमी, कोटेशन जोडले आहे | 62,000 | विद्यापीठ |
| व्हिसा | 90 युरो + केंद्राचे सेवाशुल्क 1,940 | 10,400 | विद्यापीठ |
| प्रवास विमा | 30,000 युरो संरक्षण | 1,600 | विद्यापीठ |
| निवास | 6 रात्री × 45 युरो | 25,380 | विद्यापीठ |
| परिषद नोंदणी | 250 युरो | 23,500 | मार्गदर्शकांचा संशोधन प्रकल्प |
| जेवण व स्थानिक प्रवास | 6 दिवस × 30 युरो | 16,920 | स्वतः |
| पुणे–मुंबई विमानतळ, जाऊन-येऊन | बस व टॅक्सी | 2,400 | स्वतः |
| पोस्टर छपाई | एक प्रत | 1,200 | स्वतः |
| एकूण | | 1,43,400 | |

विद्यापीठाकडून 99,380, प्रकल्पातून 23,500 आणि स्वतःचे 20,520, अशी ही बेरीज जमते. मर्यादा एक लाखाची आहे म्हणून मागणी ओढूनताणून बरोबर एक लाखावर आणू नका. हिशेबातून आलेली रक्कम आहे तशीच मागा. शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो नसेल तर समितीला वाटते की एकाच खर्चासाठी दोन ठिकाणी हात पसरला आहे, आणि ही शंका एकदा आली की बाकीचा अर्ज कितीही चांगला असला तरी तो बाजूला पडतो. केंद्र सरकारच्या एखाद्या योजनेकडे किंवा परिषदेच्या आयोजकांकडेही अर्ज केला असेल, तर निकाल लागलेला नसला तरी ते सांगा.

जोखीम कमी वाटेल असे खर्च विद्यापीठाकडे ठेवा, म्हणजे ज्यांना छापील पावती मिळते असे: तिकीट, व्हिसा, विमा, निवास. जेवणाची पावती प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही, म्हणून ते मी स्वतःच्या वाट्याला टाकले आहे. सारांश पाठवताना भरलेले प्रक्रियाशुल्क तक्त्यात धरलेले नाही, कारण मंजुरीच्या आधी झालेला खर्च बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही; तुमच्या नियमावलीत तशी मुभा असेल तर तेवढी एक ओळ वाढवा.

आता पत्राकडे वळू. ते वाचणाऱ्यांत तुमच्या विषयाचे फार तर एक जण असतील. कामाचा परिच्छेद मराठीच्या प्राध्यापकांना आणि लेखाधिकाऱ्यांनाही कळला पाहिजे. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण येईल, तिची तयारी आत्ताच ठेवा. अनेक विद्यापीठांच्या नमुन्यात ‘स्वीकृत शोधनिबंधाची प्रत’ मागतात, आणि ईजीयूमध्ये पूर्ण निबंध मागवतच नाहीत, निवड सारांशावरून होते. हे पत्रात स्वतःहून सांगितले नाही, तर ‘निबंध जोडलेला नाही’ असा शेरा येतो. पोस्टर आहे तर ‘पोस्टर’ असेच लिहा. नुसते ‘सादरीकरण’ लिहिले आणि स्वीकृतिपत्रात पोस्टर दिसले, तर काहीतरी लपवल्यासारखे होते, आणि ईजीयूत पोस्टरसमोर उभे राहून तासभर होणारी चर्चा कोणत्याही अर्थाने दुय्यम नसते.

पत्र साधारण असे:

> दिनांक : 10 मार्च 2025
>
> प्रति,
> मा. कुलसचिव
> (मार्गदर्शक व विभागप्रमुख यांच्यामार्फत)
>
> विषय : व्हिएन्ना (ऑस्ट्रिया) येथील परिषदेत पोस्टर सादर करण्यासाठी रु. 99,380 प्रवास अनुदान मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> मी भूशास्त्र विभागात पीएच.डी.ची पूर्णवेळ विद्यार्थिनी असून माझ्या नोंदणीचे हे चौथे वर्ष आहे. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची वार्षिक सभा दि. 27 एप्रिल ते 2 मे 2025 या काळात व्हिएन्ना येथे होत आहे. तीत माझ्या संशोधनाचा सारांश पोस्टर सादरीकरणासाठी स्वीकारला गेला असून सादरीकरण बुधवार, दि. 30 एप्रिल रोजी आहे. या सभेत पूर्ण निबंध मागवला जात नाही. निवड सारांशावरून होते. सारांश व स्वीकृतिपत्र सोबत जोडले आहे.
>
> पुरंदर तालुक्यातील 24 विहिरींची पाणीपातळी मी तीन वर्षे दर पंधरवड्याला मोजली आहे. बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरीही पावसाळ्यानंतर वेगवेगळ्या गतीने आटतात. ही गती आधी ओळखता येईल का, हा माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा विषय आहे. स्वीकृत सत्र कठीण खडकांतील भूजलावर आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी या प्रकरणातील पद्धतीवर त्या क्षेत्रातील संशोधकांचे आक्षेप समजून घ्यावेत, हा जाण्याचा हेतू आहे.
>
> एकूण अपेक्षित खर्च रु. 1,43,400 असून त्याचा तपशील सोबतच्या तक्त्यात दिला आहे. त्यापैकी नोंदणीशुल्क रु. 23,500 माझ्या मार्गदर्शकांच्या संशोधन प्रकल्पातून मिळणार आहे (संमतिपत्र सोबत) आणि रु. 20,520 मी स्वतः खर्च करणार आहे. उर्वरित रु. 99,380 विद्यापीठाने मंजूर करावेत, ही विनंती. विनिमयदर किंवा तिकिटाच्या दरात वाढ झाल्यास फरक मी सोसेन. याच खर्चासाठी अन्य कोठेही अर्ज केलेला नाही.
>
> व्हिसाच्या अर्जासोबत खर्चाच्या तरतुदीचा पुरावा द्यावा लागत असल्याने, मंजुरीपत्र इंग्रजीत आणि शक्यतो दि. 20 मार्चपर्यंत मिळावे, अशी विनंती आहे. परतल्यावर 30 दिवसांत मूळ पावत्या, उपस्थितीचे प्रमाणपत्र व अहवाल सादर करीन.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, नोंदणी क्रमांक)
>
> सहपत्रे : 1. स्वीकृतिपत्र व सारांश 2. खर्चाचा तक्ता 3. विमान तिकिटाचे कोटेशन 4. प्रकल्पाचे संमतिपत्र 5. मार्गदर्शकांची शिफारस 6. पारपत्राची प्रत

विषयाच्या ओळीतच रक्कम घातली आहे, ती मुद्दाम. आवक नोंदवहीत विषयच उतरवला जातो, आणि टेबलावरून टेबलावर जाताना प्रत्येकाला पहिल्या ओळीत कळते की हा अर्ज किती पैशांचा आहे.

इंग्रजी मंजुरीपत्राची विनंती बहुतेक विद्यार्थी विसरतात. ऑस्ट्रियासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. त्यात भेटीची वेळ मिळण्याचे दिवस वेगळे. 10 मार्चला अर्ज दिला तर तुमच्या हाती जेमतेम सात आठवडे आहेत, म्हणून मंजुरीची वाट न पाहता व्हिसा केंद्राची वेळ आजच घेऊन ठेवा.

तिकीट मात्र मंजुरीपत्र हाती येईपर्यंत काढू नका, आणि काढण्याआधी लेखा विभागाला एक प्रश्न विचारा: ते कोणाकडून काढायचे? केंद्र सरकारच्या पैशातून विमानप्रवास असेल तर तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांपैकी एकाकडूनच घ्यावे लागते, आणि काही विद्यापीठे स्वतःच्या निधीलाही हाच नियम लावतात. असा नियम असेल तर तक्त्याला जोडायचे कोटेशनही त्यांचेच घ्या. दुसऱ्या संकेतस्थळावरचे स्वस्त तिकीट दाखवून मंजुरी घेतली आणि प्रत्यक्षात महाग काढावे लागले, तर वरचे पैसे तुमच्या खिशातून जातात. तिकिटाच्या तारखा, निवासाच्या रात्री आणि परिषदेच्या तारखा एकमेकींशी जुळतात का हेही पाहा. वरच्या तक्त्यात 27 एप्रिलला पोहोचून 3 मेला सकाळी निघायचे धरले आहे, म्हणून सहा रात्री होतात. परिषदेनंतर दोन दिवस फिरायचे असेल तर जरूर फिरा, पण त्या रात्री तक्त्यात येऊ देऊ नका आणि रजेच्या अर्जात त्या वेगळ्या दाखवा.

परतल्यावरच्या हिशेबात एक गोष्ट हमखास अडते, ती म्हणजे बोर्डिंग पास. फोनवर घेतलेला पास उड्डाणानंतर ॲपमधून नाहीसा होऊ शकतो, म्हणून चारही उड्डाणांचे पास (एक थांबा धरला तर जाताना दोन, येताना दोन) विमानतळावरच छापून घ्या किंवा लगेच पीडीएफ करून स्वतःला मेल करा. युरो घेतल्याची पावतीही त्याच पाकिटात ठेवा, कारण देयकात लेखा विभाग तुमच्या तक्त्यातला 94चा दर न धरता त्या पावतीवरचा दर धरतो.