माझी दहा वर्षांची मुलगी विचारते, आकाश दिवसा निळं आणि सूर्यास्ताला लाल का दिसतं?

हवेचे अतिसूक्ष्म कण उजेडातला निळा रंग लाल रंगापेक्षा चार-पाच पट जास्त इकडेतिकडे उधळतात, म्हणून. सूर्याच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. दुपारी उधळलेला निळा चहूबाजूंनी डोळ्यांत येतो. मावळताना उजेड तिरका येतो, डोक्यावरच्या सूर्यापेक्षा त्याला जवळजवळ 38 पट हवा ओलांडावी लागते. निळा वाटेतच उधळून जातो आणि आपल्यापर्यंत नारिंगी-लाल पोचतो. तिला हे दाखवताही येईल. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, दुधाचे काही थेंब टाका, खोलीत अंधार करून पांढरा टॉर्च लावा. बाजूने पाणी निळसर दिसेल, टॉर्चच्या समोरून पाहिलं तर उजेड पिवळसर-नारिंगी. (दूध जास्त झालं की सगळंच पांढरं, प्रयोग फसतो.) पुण्यात एक गोष्ट लक्षात ठेवा: धुळीचे मोठे कण सगळे रंग साधारण सारखेच उधळतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत वेताळ टेकडीवरून आकाश बरेचदा पांढुरकं दिसतं, आणि चांगली सर येऊन गेली की स्वच्छ निळं.