‘तुमचा हरवलेला फोन सापडला आहे’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : नवरात्रात महाद्वार रोडवरच्या गर्दीत माझा आयफोन गेला. त्याच रात्री मुलाने तो ‘लॉस्ट मोड’वर टाकून पडद्यावर स्वतःचा नंबर लिहिला. अकरा दिवसांनी त्या नंबरवर इंग्रजीत संदेश आला की फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी लिंक उघडा. मॉडेल आणि रंग दोन्ही बरोबर लिहिले आहेत. लिंक उघडू का? (शिक्षिका, मंगळवार पेठ)

उत्तर : उघडू नका. संदेश पाठवणाऱ्याकडे तुमचा फोन बहुधा खरोखरच आहे, आणि म्हणूनच या लिंकचा धोका अधिक आहे. मुलाने पडद्यावर नंबर लिहिला तो फोन परत करणाऱ्या भल्या माणसासाठी. पण बंद पडद्यावरचा तो नंबर चोरालाही तितकाच स्पष्ट दिसतो. मॉडेल आणि रंग तर फोन हातात घेतल्याबरोबर कळतात. त्यामुळे ते बरोबर असले तरी संदेश कंपनीकडून आला असे ठरत नाही.

चोराची अडचण समजून घेतली की सगळा डाव उलगडतो. ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधण्याची सोय चालू असलेला आयफोन पूर्ण पुसून कोरा केला, तरी पुन्हा सुरू करताना तो मालकाच्या ॲपल खात्याचा पासवर्ड मागतो. याला ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ म्हणतात. हे कुलूप असेपर्यंत तो फोन सुट्या भागांच्या भावानेच जातो. कुलूप निघाले की चालू फोन म्हणून विकता येतो. या दोन भावांतल्या फरकासाठीच ही लिंक पाठवली जाते. ती उघडली की कंपनीच्या पानासारखे हुबेहूब पान येते, पासवर्ड मागते, कधी फोनचा सहा आकडी पासकोडही मागते. आणि तुम्ही तो टाकलात की समोरचा माणूस काही मिनिटांत तुमच्या खात्यातून फोन काढून टाकतो. अकरा दिवस लागले याचेही नवल नाही. असे फोन हातोहात पुढे जातात आणि संदेश कधी कधी कित्येक आठवड्यांनी येतो. तोवर माणसाने आशा सोडलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी ‘सापडला’ हा शब्द दिसला की हात थांबत नाही.

लिंकचा पत्ता वाचायला शिकणे अवघड नाही. नमुन्यादाखल असा एक पत्ता घ्या :

```
https://icloud.com.find-location.example/map
```

सुरुवातीच्या `https://` नंतर जी पहिली तिरकी रेष येते तिथपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो शेवटाकडून वाचायचा. शेवटचे दोन शब्द म्हणजे `find-location.example`, आणि तेच या पानाचे खरे घर. त्याच्या आधी आलेले `icloud.com` म्हणजे परक्या घराच्या दारावर तुमच्या ओळखीच्या माणसाच्या नावाची पाटी लावल्यासारखे आहे. पाटी कोणालाही लावता येते.

ठिकाण पाहायचेच असेल, तर दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर `icloud.com/find` हा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून उघडा. इतरत्र खात्यात शिरताना लागणारा पडताळणीचा आकडा या पानासाठी लागत नाही, त्यामुळे हरवलेला फोन जवळ नसला तरी काम होते. तिथे फोनचे ताजे ठिकाण दिसत नसेल, तर लिंक उघडून ठिकाण दिसेल हा दावा तिथेच खोटा ठरतो.

पुढचा टप्पाही सांगून ठेवतो, म्हणजे घरात कोणी घाबरणार नाही. लिंकचा उपयोग झाला नाही की भाषा बदलते. ‘फोन खात्यातून काढा, नाहीतर तुमचे फोटो बाहेर टाकू’ अशा धमक्या येतात, कधी शस्त्रांची छायाचित्रेही येतात. पण पासकोडशिवाय फोनमधला मजकूर त्याला वाचता येत नाही. तसा तो वाचता आला असता तर त्याला तुमची मनधरणी करावीच लागली नसती. उत्तर न देता संदेशाचे स्क्रीनशॉट ठेवा, ते पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीला जोडा आणि कोणी कितीही सांगितले तरी फोन खात्यातून काढू नका.

प्रश्न : कोल्हापूर स्टँडवर माझे पाकीट पडले. त्यात लायसन्स, आधार, पॅन आणि गाडीचे आरसी होते. गावच्या ग्रुपवर तसे लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी एकाचा फोन आला की पाकीट माझ्याकडे आहे, मी निपाणीत आहे, बक्षीस आणि कुरिअर मिळून दीड हजार आधी पाठवा. त्याने माझे नाव आणि गाव बरोबर सांगितले. पाठवू का? (गडहिंग्लज)

उत्तर : आधी पाठवू नका. नाव आणि गाव तुम्हीच ग्रुपवर लिहिले होते, आणि असा मजकूर एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जायला अर्धा तासही लागत नाही. हा माणूस खोटाच आहे असे मी म्हणत नाही. पण पाकीट त्याच्या हातात असल्याशिवाय कळणार नाही अशी एक तरी गोष्ट त्याने सांगितली पाहिजे, आणि ती तुमच्या तोंडून बाहेर पडण्याआधी सांगितली पाहिजे. ‘आत ज्योतिबाचा गुलालही आहे ना?’ असे विचारलेत तर तो ‘हो’ म्हणेल. ‘कागदपत्रांखेरीज आत काय काय आहे?’ एवढेच विचारा आणि गप्प राहा. त्यानंतर पाकीट उघडे ठेवून, शेजारी कागदावर तुम्ही त्या क्षणी सांगाल तो चार आकडी अंक लिहून फोटो मागवा. ज्याच्याकडे पाकीट आहे त्याला हे दोन मिनिटांचे काम आहे.

बक्षिसाबद्दल कायदा काय म्हणतो हे फारसे कोणाला माहीत नसते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 168 प्रमाणे, वस्तू सांभाळण्यासाठी आणि मालक शोधण्यासाठी सापडणाऱ्याने आपणहून घेतलेल्या कष्टांची आणि केलेल्या खर्चाची भरपाई म्हणून त्याला मालकावर दावा लावता येत नाही, मात्र ती मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवता येते. मालकाने ठराविक बक्षीस जाहीर केले असेल, तर ते दावा लावूनही मागता येते. म्हणजे ग्रुपवर ‘योग्य बक्षीस देऊ’ असे लिहिणे आणि ‘पाच हजार देऊ’ असे लिहिणे यात मोठा फरक आहे, म्हणून आकडा लिहिताना विचार करावा. पण तुम्ही काहीच जाहीर केलेले नसताना त्याने स्वतःच आकडा ठरवावा आणि तोही आगाऊ मागावा, हा हक्क त्याला कुठूनही मिळत नाही.

त्याला सांगा की जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा एसटीच्या कंट्रोलरकडे पाकीट जमा करा, मी येऊन घेतो आणि तुमचा खर्च व बक्षीस हातात देतो. पोलिस ठाण्याची पायरी चढायला चांगली माणसेही बिचकतात, तेव्हा त्याने ठाणे नको म्हटले म्हणून लगेच संशय घेऊ नका. एखादे चालू दुकान सुचवा. प्रत्येक जागा नाकारून ‘आधी पैसे’ यावरच तो अडून राहिला, तर फोन ठेवून द्या.

आणि घाई मनातून काढून टाका. लायसन्स व आरसी डिजिलॉकरमध्ये असेल तर वाहतूक पोलिसांनी ते मूळ कागदाप्रमाणे मानायचे असते, आणि आधार व पॅन ऑनलाइन मागणी करून पुन्हा मिळतात. पाकीट गेल्याचा दाखला मात्र पोलिसांकडून घेऊन ठेवा. आरसीच्या दुसऱ्या प्रतीसाठी तो लागतो, आणि उद्या तुमच्या आधारच्या प्रतीवर कोणी सिम घेतले तर कागद कधी हरवले होते याचा तोच पुरावा राहतो.

प्रश्न : वडिलांना फोन आला, ‘तुमचा हरवलेला मोबाइल घेऊन आमचा माणूस आला आहे, पत्ता सापडत नाही, त्याच्याशी बोलायला `*401*` आणि पुढे हा नंबर डायल करा.’ त्यांनी केले. यात काय होते? (राजारामपुरी)

उत्तर : त्या आकड्यांनी तुमच्या वडिलांचे येणारे कॉल त्या दुसऱ्या नंबरवर वळवले. व्हॉट्सॲपचा किंवा एखाद्या खात्याचा ओटीपी फोन करून सांगितला जाण्याची सोय असते, आणि तो कॉल आता समोरच्याला लागेल. त्यांच्या फोनवरून लगेच `##002#` डायल करा, म्हणजे सर्व वळवणे रद्द होईल. नंतर `*#21#` डायल करून कॉल वळवणे बंद झाल्याचे दिसते का ते पाहा. व्हॉट्सॲपमध्ये ‘टू-स्टेप’ पिन नसेल तर आजच घाला.

प्रश्न : मी लिंक उघडून पासवर्ड टाकून बसलो. आता काय करू? (कागल)

उत्तर : लिंक नुसती उघडून काही न लिहिता बंद केली असती तर नुकसान बहुधा झाले नसते, पासवर्ड लिहिल्यावर मात्र वेळ फार महत्त्वाचा आहे. दुसऱ्या उपकरणावरून खात्याचा पासवर्ड बदला आणि खात्याला जोडलेल्या उपकरणांची यादी पाहून अनोळखी उपकरण काढा. हरवलेला फोन मात्र यादीत तसाच राहू द्या. तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तोही बदला. बँकेचा किंवा यूपीआयचा तपशील दिला असेल, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा; लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर देता येते. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी ते थांबवता येतात, म्हणून इथे मिनिटे मोजावी लागतात.

फोन खात्यातून निघून गेला असेल, तरी त्याचा आयएमईआय क्रमांक तुमच्या हातात आहे. तो खोक्यावर आणि बिलावर असतो, पंधरा आकडी. केंद्र सरकारच्या `ceir.gov.in` या पोर्टलवर पोलिस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र जोडून तो बंद करता येतो. मग त्या फोनवर देशातले कोणतेही सिम चालत नाही, आणि कोणी सिम घालून पाहिले तर माग काढायला पोलिसांना मदत होते. इथे बरेच जण अडकतात ते ओटीपीपाशी. नोंदणीसाठी ओटीपी लागतो आणि हरवलेल्या नंबरचे दुसरे सिम घेतल्यावर त्यावर साधारण चोवीस तास एसएमएस येत नाहीत. म्हणून आधी सिम, मग पोलिस ठाणे, आणि दुसऱ्या दिवशी पोर्टल असा क्रम ठेवा. या बंदीलाही मर्यादा आहे : वायफायवर फोन चालतो, सुटे भाग विकता येतात, आणि देशाबाहेर गेलेल्या फोनवर तिचा जोर चालत नाही.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. मागच्या सीटवर फोन सापडला आहे, लॉक आहे. परत करायला गेलो तर माझ्यावरच संशय येईल का? (लक्ष्मीपुरी)

उत्तर : वस्तू सांभाळून मालकाला देण्यासाठी उचलणे हा गुन्हा नाही, मालक कळत असताना किंवा शोधता येत असताना ती स्वतःची करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा आहे. म्हणून फोन बंद करू नका आणि त्यातले सिम काढू नका, कारण मालक त्याच नंबरवर फोन लावत असणार. शक्य असेल तर चार्ज करून ठेवा. कॉल आला तर ‘फोन माझ्याकडे सुरक्षित आहे’ एवढे सांगा, आणि समोरचा मालकच आहे हे पटवायला त्याला पडद्यावरचे चित्र किंवा मागच्या कव्हरची खूण विचारा. दिवसभरात कोणीच फोन केला नाही तर लक्ष्मीपुरी ठाण्यात जमा करा, आणि कुठून कुठपर्यंतच्या भाड्यात, किती वाजता सापडला हे लिहून दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.